‘तू फक्त सांग, मी करतो’

*ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी सहा वर्षांची आहे. दोघंही पूर्णवेळ नोकरी करतो. नवरा तसा चांगला आहे. आरडाओरडा नाही, व्यसन नाही, सांगितलेलं काम करतो. पण सांगावं लागतं. ‘तू फक्त सांग, मी करतो’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. मुलीची शाळा, डॉक्टर, बिलं, कपडे, दोन्हीकडच्यांचे वाढदिवस, सगळं माझ्या डोक्यात. मी चिडले की म्हणतो, ‘इतकं करतो तरी तुला कमीच वाटतं.’ गेलं वर्षभर तो जवळ आला की नकोसं होतं. राग येतो असंही नाही, काहीच वाटत नाही. मग अपराधी वाटतं. आमच्यातलं प्रेम संपलंय का?*

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे मी शेवटी येते, कारण त्याचं खरं उत्तर आज तुम्हालाही मिळणार नाही. आधी तुमच्या नवऱ्याच्या त्या वाक्याकडे बघू. तो ते मनापासून म्हणत असणार, आणि म्हणूनच तुम्हाला त्यावर काही बोलता येत नाही.

कपड्यांचंच उदाहरण घ्या. मशीन लावायला किती वेळ लागतो? कपडे टाकायचे, पावडर घालायची, बटण दाबायचं. पाच मिनिटं. तेवढं तो करतो. पण टोपली भरलीय हे कुणाच्या लक्षात आलं? गुरुवारी मुलीला खेळाचे कपडे लागतात, म्हणजे ते बुधवारी सकाळच्या आत धुवायला हवेत, हा हिशोब कुणी केला? नवा लाल टॉप रंग सोडतो हे कुणाला माहीत होतं? पावडर संपत आलीय हे कुणी पाहिलं? मशीन थांबल्यावर कपडे तसेच राहिले तर वास येतो म्हणून मीटिंगमध्ये बसल्या बसल्या ‘काढलेस का?’ असा मेसेज कुणी केला? आणि घड्या घालताना मुलीचे बनियन आखूड झालेत, पुढच्या मापाचे आणायला हवेत, हे कुणाला दिसलं? या सगळ्यात बटण दाबणं हे सर्वांत हलकं काम आहे. ‘तू सांग’ म्हणजे उरलेलं सगळं तू कर. तुमची चिडचिड नेमकी याची आहे, पण काम त्याने केलेलं दिसत असल्यामुळे तुम्हाला ती नीट मांडता येत नाही.

ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या 35 जोडप्यांच्या सविस्तर मुलाखती घेऊन 2019 साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. घरकामातलं हे डोक्यातलं काम तिने चार टप्प्यांत उलगडून दाखवलं. पुढे काय लागणार आहे हे आधीच ओळखणं, ते कसकसं भागवता येईल याचे पर्याय शोधणं, त्यातला एक ठरवणं, आणि ठरलेलं खरंच झालं का यावर लक्ष ठेवणं. तिला आढळलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘ठरवणं’ हा टप्पा बहुतेक घरांत दोघांत बऱ्यापैकी वाटलेला होता. बायकांवर सर्वांत जास्त भार होता तो पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याचा, म्हणजे आधी ओळखण्याचा आणि नंतर लक्ष ठेवण्याचा. ही दोन्ही टोकं कुणाला दिसत नाहीत. त्यामुळे नवऱ्याला प्रामाणिकपणे वाटतं की आमच्या घरात सगळं दोघं मिळून ठरवतो. डॉक्टर कोणता, हे खरंच दोघांनी ठरवलेलं असतं. पण तारीख जवळ आलीय हे आठवणारी आणि गोळ्यांचा कोर्स पुरा झाला का हे बघणारी एकटीच असते.

‘इतकं करतो तरी’ या वाक्याचंही कारण आहे, आणि ते समजलं तर तुमची निम्मी भांडणं वाचतील. 1979 साली मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, की घरातल्या कोणत्या कामाचा किती भार तुमच्यावर आहे. बहुतेक जोडप्यांमध्ये दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. खोटं कुणी बोलत नव्हतं. आपण केलेलं काम आपल्याला हातापायांसकट आठवतं, दुसऱ्याचं नजरेआड झालेलं असतं. म्हणून कृपा करून टक्केवारीवर वाद घालू नका. तो वाद तुम्ही जिंकलात तरी कपडे टोपलीतच राहतील.

आता जवळिकीबद्दल. लोक याचा संबंध थकव्याशी जोडतात, आणि थकवा असतोच. पण तुम्ही लिहिलेलं ‘काहीच वाटत नाही’ हे नुसत्या थकव्याचं लक्षण नाही. थकलेल्या माणसालाही जवळ घ्यावंसं वाटतं, कुशीत झोपावंसं वाटतं. तुमच्या बाबतीत दिवसभर जे नातं चालतं ते सांगणारी आणि ऐकणारा असं आहे. आठवण करून द्यायची, झालं का विचारायचं, झालं नसेल तर समजून घ्यायचं, झालं असेल तर कौतुक करायचं. हे सगळं आपण सहा वर्षांच्या मुलीशी करतो. रात्री दहा वाजता दिवा मालवला म्हणून तोच माणूस एकदम प्रियकर होत नाही. एमिली हॅरिस, सारी व्हॅन अँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलंबाळं असलेल्या, पुरुष जोडीदाराबरोबर राहणाऱ्या एक हजाराहून अधिक बायकांकडून माहिती घेतली होती. घरकामाचा वाटा जितका जास्त, तितकी जोडीदाराबद्दलची ओढ कमी, असं चित्र दिसलं. त्यामागे दोन गोष्टी जाणवल्या. एक, ही वाटणी अन्यायाची वाटणं. दुसरी, जोडीदार हा आपल्यावर अवलंबून असलेलं आणखी एक माणूस वाटणं. अशा अभ्यासातून यामुळेच ते घडलं असं सिद्ध होत नाही, हे मी आवर्जून सांगते. पण समुपदेशनात माझ्यासमोर बसणाऱ्या बायका जवळजवळ याच शब्दांत बोलतात: ‘तो मला माझा मोठा मुलगा वाटायला लागलाय.’

दुसरीही एक गोष्ट होते, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्याने खांद्यावर हात ठेवला की तुमच्या मनात पहिला विचार काय येतो? ‘आता याला काय हवंय?’ दिवसभर प्रत्येक जण तुमच्याकडे काहीतरी मागायलाच आलेला असतो, म्हणून स्पर्शसुद्धा मागणीसारखा वाटायला लागतो. मन हात आखडून घेतं. तुम्ही अपराधी वाटून घेताय, पण यात तुमचा गुन्हा काही नाही.

अशा वेळी सगळे सुचवतात, दोघंच कुठेतरी बाहेर जा. सध्या तरी जाऊ नका. कारण मुलीला कुणाकडे ठेवायचं, तिथे तिच्या झोपेचं काय, किती वाजता निघायचं, जागा कुठे राखून ठेवायची, हे पुन्हा तुम्हीच बघणार. ती संध्याकाळ तुमच्यासाठी आणखी एक काम ठरेल, आणि वर ‘इतकं करूनही तू खूश नव्हतीस’ हे ऐकावं लागेल. पुढे कधी जाल तेव्हा पहिल्या फोनपासून घरी परत येईपर्यंतचं सगळं त्याच्याकडे असू दे.

भिंतीवर कामांची यादी लावून निम्मी-निम्मी नावं टाकणं हाही उपाय बहुतेक घरांत महिनाभरात बारगळतो. यादी तुम्ही केलेली असते, ती बघितली का हे तुम्हीच विचारता, म्हणजे लक्ष ठेवण्याचं काम उलट वाढतं. शिवाय यादीत करायची कामं असतात, आठवायची नसतात.

वाटायचं असेल तर पूर्ण काम वाटा, पहिल्या टप्प्यापासून शेवटच्यापर्यंत, एकाच माणसाकडे. हे कसं करायचं ते मी एका जोडप्याच्या गोष्टीतून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

दोघंही नोकरी करणारे, दोन मुलं. ती म्हणायची, मी याला कंटाळलेय. तो म्हणायचा, मी काय करू ते तरी सांगा. मी त्यांना एकच काम निवडायला सांगितलं, आणि त्यांनी कपडे निवडले. पहिल्या बैठकीत त्यांनी कपड्यांशी संबंधित प्रत्येक बारीक गोष्ट कागदावर उतरवली. ती सांगत होती, तो लिहीत होता. त्याने लिहायचं हे मी मुद्दाम ठेवलं होतं. चोवीस ओळी झाल्या. अठराव्या ओळीला तो थांबला आणि म्हणाला, ‘हे सगळं तू रोज लक्षात ठेवतेस?’ ती रडायला लागली. कौतुक कानावर पडलं म्हणून ती रडली नव्हती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणालातरी ते दिसलं होतं म्हणून रडली.

मग त्यांनी ‘झालं’ म्हणजे काय हे ठरवलं. ही पायरी सगळे गाळतात आणि पुढे तिथेच ठेच लागते. त्यांचं ठरलं ते असं: सोमवारी सकाळी दोन्ही मुलांचे गणवेशाचे दोन-दोन जोड धुतलेले आणि वाळलेले असतील, टॉवेल आठवड्यातून एकदा बदलले जातील, आणि सकाळी आतले कपडे कुणाला शोधावे लागणार नाहीत. एवढंच. घड्या कशा घालायच्या, मशीन रात्री लावायचं की सकाळी, हे यात नव्हतं. तिला ते जड गेलं. तिच्या घड्या कपाटात रंगाप्रमाणे लागायच्या. मी तिला विचारलं, ‘घडी वाकडी असल्यामुळे घरातल्या कुणाचं काय अडतं?’ ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘माझंच.’ ज्याने कुणाचं अडतं ते दोघांच्या ठरावात आलं पाहिजे. जे एकाच्या आवडीचं आहे ते त्याने स्वतः करावं किंवा सोडून द्यावं.

यानंतर तिने एकदा, फक्त एकदा, माहिती पूर्ण द्यायची होती. कोणता कपडा रंग सोडतो, कोणत्या वारी काय लागतं, मापं किती. त्यानंतर ना आठवण, ना ‘झालं का?’ आणि अर्थातच पहिल्या दोन आठवड्यांत चुकलं. बुधवारी रात्री त्याने मशीन लावलं आणि झोपला. सकाळी कपड्यांना कुबट वास. ती पाणी प्यायला उठली तेव्हा मशीन थांबलेलं तिने पाहिलं होतं. तिने मला सांगितलं, ‘त्या पाच पावलांसाठी मला इतकं झगडावं लागलं, की परत येऊन झोपच लागली नाही.’ ती गेली नाही, तो क्षण मला निर्णायक वाटतो. ती गेली असती तर लक्ष ठेवण्याचं काम त्या रात्रीच तिच्याकडे परत आलं असतं, आणि त्याला सकाळी काहीच कळलं नसतं. त्याने सकाळी वास घेतला, स्वतःशीच चरफडला, पुन्हा धुवायला टाकले आणि ऑफिसला उशिरा पोचला. त्यानंतर मशीन किती वाजता थांबेल याचा गजर तो स्वतःच लावायला लागला. तो गजर तिने कधीच सुचवला नव्हता.

दोन महिन्यांनी तो बोलता बोलता म्हणाला, ‘छोटीचे मोजे सगळे विरलेत, मी नवे मागवलेत.’ ती मला म्हणाली, ‘ताई, मला माहीतच नव्हतं की मोजे विरलेत.’ तिचा चेहरा मला अजून आठवतो. ते माहीत नसणं म्हणजे तिला मिळालेली सुट्टी होती.

तुमच्या घरी कपडेच असले पाहिजेत असं नाही, पण सुरुवात एकाच कामाने करा, आणि असं काम निवडा जे चुकलं तर मुलीच्या जिवाशी खेळ होणार नाही. औषधं आणि दवाखाना पहिल्याच खेपेला देऊ नका, कारण तिथे तुम्हाला गप्प बसता येणार नाही आणि बसूही नये. विषय काढताना ‘मदत’ हा शब्द टाळा. मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं. असं म्हणून बघा: ‘मला तुझ्याकडून आणखी कामं करून घ्यायची नाहीत. हे एक काम मला माझ्या डोक्यातून पूर्ण काढून तुझ्याकडे द्यायचंय, मला त्याचा विचारसुद्धा करायचा नाहीये.’ हे झोपायच्या वेळी किंवा भांडणाच्या शेपटाला बोलू नका. दोघांचं पोट भरलेलं आणि मुलगी झोपलेली असताना बोला.

एक काम बसलं की दुसरं, मग तिसरं. वाटणी न्याय्य आहे का हे ठरवताना कामांची संख्या मोजू नका. बल्ब बदलणं, गाडीची सर्व्हिसिंग, वर्षातून एकदा कर भरणं, ही कामं सवडीने होतात. मुलीला उठवणं, डबा, शाळेतून आणणं, झोपवणं ही घड्याळाला बांधलेली असतात, रोजची असतात, पुढे ढकलता येत नाहीत. एकाकडे दहा सवडीची कामं आणि दुसरीकडे चार घड्याळाची असतील, तर संध्याकाळी सहाला उठून जायला कोण मोकळं आहे ते बघा. घड्याळाची कामं दोघांकडे हवीत. मी जोडप्यांना आणखी एक मोजायला सांगते: आठवड्यात प्रत्येकाला असा किती वेळ मिळतो, ज्यात घरातलं कुणी हाक मारणार नाही आणि डोक्यात पुढचं काम फिरत नसेल? तो वेळ साधारण सारखा असेल तर वाटणी ठीक आहे, मग एकाकडे सात कामं असोत आणि एकाकडे बारा. ज्याची नोकरी जास्त तासांची आहे त्याला कामं कमी येतील, पण मोकळा वेळ दोघांनाही लागतोच.

आठवड्यातून एकदा वीस मिनिटं बसा, वार आणि वेळ ठरवून. पुढच्या आठवड्यात काय काय आहे, आणि कुणाचं काम कुठे अडलंय, एवढंच बोला. जुनी उणीदुणी तिथे नकोत. या बैठकीचा खरा उपयोग असा, की उरलेले सहा दिवस तुम्हाला प्रत्येक गोष्ट आठवली की लगेच सांगायची घाई राहत नाही. बैठकीची आठवण मात्र आलटून पालटून दोघांनी ठेवायची, नाहीतर तेही तुमच्याच गळ्यात पडेल.

आणि चुका कधी माफ करायच्या, कधी नाही? याची एक खूण आहे. माणूस शिकत असेल तर चूक एकदा होते, तो ती स्वतः निस्तरतो, आणि पुढच्या वेळी वेगळी चूक करतो. तीच चूक तशीच तिसऱ्यांदा झाली, तिचा भुर्दंड दर वेळी तुम्हाला पडला आणि त्यावर ‘बघ, मला नाही जमत, तूच कर’ हे उत्तर आलं, तर तो विसरभोळेपणा नव्हे. मग बोलायचा विषय कपडे राहत नाही. ‘माझा वेळ तुला तुझ्या वेळेपेक्षा स्वस्त वाटतो का?’ हे सरळ विचारा. ते एकट्याने विचारणं जड वाटलं तर समुपदेशकासमोर विचारा. आणि असं काही बोलायचीच भीती वाटत असेल, तो अपमान करत असेल किंवा पैसा अडवून धरत असेल, तर कामाच्या वाटणीने ते सुटणार नाही. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, तरी वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी लिहून ठेवते.

नवऱ्यासाठीही एक ओळ, हे पत्र त्याला वाचायला दिलंत तर. काम घेतलंत म्हणून रात्री जवळीक मिळेल असा हिशोब मनात ठेवू नका. बायकोला तो लगेच कळतो, आणि मग धुतलेला टॉवेलसुद्धा मागणीसारखा वाटतो.

आता तुमचा प्रश्न. आत्ता तुमच्या डोक्यात त्याच्यासाठी जागाच शिल्लक नाही, म्हणून त्याच्याबद्दल काय वाटतं हे तुम्हाला चाचपडून बघता येत नाही. तीन महिने द्या. या काळात जबरदस्तीने जवळ जाऊ नका, आणि हे त्याला मोकळेपणाने सांगा, म्हणजे त्याला नकार झेलत बसावं लागणार नाही. फक्त छोट्या गोष्टींवर लक्ष ठेवा. त्याच्या एखाद्या बोलण्यावर सहज हसू येतं का. ऑफिसात घडलेली गोष्ट त्याला सांगावीशी वाटते का. तो घरात आला की खांदे पूर्वीसारखे ताठ होतात, की होत नाहीत. शरीराची ओढ बहुधा सर्वांत शेवटी परत येते, त्याआधी हे सगळं येतं. तीन महिन्यांत दोन-तीन कामं खरोखर त्याच्याकडे गेली आणि तरीही यातलं काहीच हललं नाही, तर दोघं मिळून समुपदेशकाकडे जा, आणि एकदा डॉक्टरांना भेटून थायरॉइड, झोप, मनाची मरगळ हेही तपासून घ्या. तेव्हा तोच प्रश्न पुन्हा विचारा. त्या वेळी उत्तर द्यायला तुमचं डोकं मोकळं असेल.